लहान नंबर म्हणजे बायकांचा बूट नव्हे

कारखान्यातल्या बायकांनी सेफ्टी शूजची तक्रार केली की स्टोअरमधून ठरलेलं उत्तर येतं: ‘लहान नंबर मागवतो.’ म्हणून महिला प्रतिनिधी मॅनेजरला पत्र लिहितात तेव्हा ‘बूट लागतात’ एवढ्यावर थांबून चालत नाही. दुखणं नंबरात नसून कलबुतात, म्हणजे ज्या साच्यावर बूट ओढून शिवला जातो त्यात आहे, हे पत्रातच मांडावं लागतं.

पुरुषाच्या आणि बाईच्या पायाची लांबी सारखी असली, तरी बाईची टाच पंजाच्या मानाने सहसा अरुंद असते. पुरुषी कलबूत नुसतं आखूड केलं तर पंजा कसाबसा मावतो, पण टाच आत हलत राहते. त्यात अनेक मॉडेल पाच नंबरापासूनच मिळतात. समजा, प्रेस शॉपमधल्या एकीचं पाऊल २२५ मिलिमीटर आहे. तिला साधारण तीन नंबर हवा. एका नंबरात साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, म्हणजे पाच नंबरचा बूट तिला सतराएक मिलिमीटर लांब पडणार. बूट दुमडतो तिथे तिचं पाऊल दुमडत नाही, आणि स्टील टोची मागची कड चालताना बोटांवर घासते. चामडं वापरून सैल होतं, पोलाद होत नाही. पाळी संपल्यावर बोटांवर लाल आडवी रेघ दिसली, तर हेच कारण.

मग बायका जुगाड करतात: दोन जोड मोजे, नाहीतर जास्तीचा सोल. इथेच खरा धोका आहे. स्टील टो २०० जूलचा आघात झेलतो, म्हणजे २० किलोचं वजन सुमारे मीटरभर उंचीवरून पडावं तेवढा. त्या आघाताने टोपी थोडी दबणार, हे गृहीत धरून बोटांवर काही मिलिमीटर जागा सोडलेली असते. जास्तीचा सोल पाऊल वर उचलतो आणि तीच जागा खातो. शिक्का असलेला बूट घालूनही संरक्षण कमी होतं. मॅनेजरला दुखणाऱ्या पायांपेक्षा हा मुद्दा लवकर पटतो, हा माझा अंदाज. म्हणून पत्रात तो वर असावा.

पत्राला मापांचा तक्ता जोडावा. टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर भार देऊन कागदावर उभं राहायचं. लांबी घ्यायची, पंजाचा घेर टेपने मोजायचा. पाळी सुटताना मोजावं, कारण तोवर पाय सुजलेले असतात. मागणी नेमकी हवी: बायकांच्या कलबुतावरचे, आयएस १५२९८ चा शिक्का असलेले दोन-तीन नमुने मागवा, ते आठवडाभर लाइनवर आणि जिन्यावर घालून बघू द्या, आणि मगच ऑर्डर द्या.

‘रेट कॉन्ट्रॅक्ट एकाच पुरवठादाराशी आहे’ असं उत्तर आलं, तर त्याच पुरवठादाराकडे बायकांचं मॉडेल आहे का, ते लेखी विचारायला सांगा.