आधी निष्कर्ष सांगा, वकीलसाहेब

वडिलोपार्जित जमीन घेण्याआधी वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेऊन अहवाल देतात. त्यात सुरुवातीला फेरफारांची जंत्री असते आणि ‘बहिणींच्या हक्कास अधीन राहून’ हे कळीचं वाक्य शेवटच्या पानावर. घेणाऱ्याच्या नजरेतून नेमकं तेच सुटतं.

तोच अहवाल असा सुरू व्हायला हवा: ‘आज खरेदीखत करू नका. सातबाऱ्यावर दोघा भावांचीच नावं आहेत. तिघी बहिणींनी हक्क सोडलेला नाही. त्यांनी उद्या वाटपाचा दावा लावला, तर तुमच्याकडे फक्त भावांचा हिस्सा उरेल. बहिणींकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या, किंवा त्यांनाही खरेदीखतात विकणार म्हणून सामील करा. त्या तयार नसतील, तर व्यवहार सोडा.’

कारणं त्यानंतर यावीत. २००५च्या दुरुस्तीनुसार मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे; त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. सातबारा ही महसुली नोंद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटप झालेलं असेल, तर निष्कर्ष बदलू शकतो.

इसार देण्याआधी वकिलांकडून हे पहिल्याच पानावर लिहून मागा.