इअरप्लगवर ‘एनआरआर ३३’. प्रत्यक्षात आवाज किती घटतो?
पिस्तुलाच्या गोळीचा आवाज साधारण १६० डेसिबलपर्यंत जातो. १४० च्या पुढे एकच बारही कानाला कायमची इजा करू शकतो. मग एनआरआर ३३ चा फोम प्लग घातला की ३३ वजा? नाही. तो आकडा प्रयोगशाळेत, सलग आवाजात, नीट बसवलेल्या प्लगचा असतो. अमेरिकेची कामगार सुरक्षा संस्था ‘ओशा’ त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरते, म्हणजे जेमतेम १३. प्लग अर्धवट आत गेला तर तेवढेही नाहीत.

मफ घालायला सोपा, पण चष्म्याची काडी त्याच्या गादीखाली फट ठेवते आणि रायफलचा दस्ता गालाला टेकवताना तो सरकतो. दोन्ही एकत्र घातले तरी आकड्यांची बेरीज होत नाही. १३ मध्ये फक्त ५ मिळवायचे. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो, तिथे हे १८ ही सोडण्यासारखे नाहीत.