घळीपलीकडची ओळ

समजा, फोटोवरून संगणकाने उतरवलेल्या एका जुन्या कादंबरीत हे वाक्य सापडलं: ‘गावाबाहेरच्या विहिरीवर तिन्हीसांजेला मुनिमाने वही मिटली.’ व्याकरण बिनचूक, शुद्धलेखनही चोख. पण पुस्तकात असं वाक्यच नाही. विहीर डाव्या पानाच्या पहिल्या ओळीत आहे आणि मुनीम उजव्या पानाच्या दुसऱ्या. दोन्ही पानं एकाच फोटोत घेतली, आणि मधली घळ यंत्राने शब्दांमधली मोकळी जागा समजून ओलांडली.

पण पहिली ओळ दुसरीलाच का जोडली गेली? पुस्तक सुरुवातीला उघडलं की डावीकडे चार पानं असतात आणि उजवीकडे जाडजूड गठ्ठा. समजा कॅमेरा डाव्या पानापासून ५० सेंटीमीटर उंच, घळीच्या बरोबर वर आहे आणि उजवं पान २ सेंटीमीटर वर आलेलं आहे. ते कॅमेऱ्याच्या जवळ म्हणून फोटोत सुमारे ४ टक्के मोठं दिसतं. मध्यापासून १० सेंटीमीटर वर असलेली त्याची पहिली ओळ त्यामुळे आणखी ४ मिलिमीटर वर सरकते. दोन ओळींत अंतर असतं जेमतेम ६ मिलिमीटर. म्हणजे डावीकडच्या पहिल्या ओळीला उजवीकडची पहिली ४ मिलिमीटर लांब पडते आणि दुसरी फक्त २. यंत्र जवळची पकडतं. पानाच्या मध्यावर मात्र हा फरक शून्य होतो, तिथे अठरावी अठरावीलाच जुळते. त्यामुळे चूक एकसारखी नसते, आणि वरवर चाळणाऱ्याला ती सापडत नाही.

घळ ओलांडणं सोपं करतो तो पानाचा बाक. शिवणीजवळ पान उभं होत जातं. ६० अंशांच्या उतारावरचं अक्षर वरून पाहिलं तर निम्म्या रुंदीचं दिसतं, आणि कोरा समासही तसाच आकसतो. दोन पानांमधला ३ सेंटीमीटरचा कोरा पट्टा दीडवर येतो. इतक्या अंतराला यंत्र कधी समास मानतं, कधी नुसती फट.

पुस्तक काचेखाली दाबून सपाट करता येतं, पण बाजूने टाचलेली, कागद ठिसूळ झालेली जुनी मराठी पुस्तकं त्यात शिवणीवरच तुटतात. म्हणून इंटरनेट आर्काइव्हच्या ‘स्क्राइब’ या यंत्रात पुस्तक इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडं ठेवतात. वरून तशाच आकाराची काच अलगद टेकते, आणि दोन कॅमेरे एकेका पानाला समोरून टिपतात. दोन पानं एका फोटोत येतच नाहीत, म्हणून ओळी मिसळायचा प्रश्नच मिटतो.

पण क्रमाचा घोळ इथे दुसऱ्या दाराने येतो. तिरप्या पाळण्यात डावं पान उजवीकडे तोंड करून असतं, म्हणून त्याचा फोटो उजवा कॅमेरा घेतो. दोन्हींचे फोटो नंतर आलटून पालटून लावायचे असतात. उजव्या कॅमेऱ्याचं ८६वं पान हुकलं, तर पुढचा क्रम ८४, ८५, ८८, ८७, ९०, ८९ असा होतो. शेवटी एका बाजूला एक फोटो कमी पडला तर चूक कळते. पण पुढे त्याच बाजूचं एखादं पान दोनदा टिपलं गेलं, तर बेरीज जुळते आणि मधला पट्टा मात्र उलटसुलट राहतो. नुसत्या मोजणीवर माझा म्हणूनच विश्वास नाही. दर वीसेक पानांनी छापलेला पृष्ठांक डोळ्यांनी पाहावा.

पाळणा नसलेल्याने एका कॅमेऱ्यावर काम भागवायचं, तर आधी पानं वेगळी करायची आणि मगच बाक काढायचा. ‘स्कॅन टेलर’ या मोफत प्रोग्रॅममध्येही क्रम तोच आहे. तिथली विभागणीची रेघ हाताने तिरपी करता येते, ती घळीच्या तळाशी आणून ठेवावी. बाक आधी काढायला गेलं, तर दोन पानांवरून एकच वक्र बसवला जातो आणि नेमक्या घळीत तो चुकतो.

न विभागलेले फोटो आधीच वाचून घेतले असतील, तर मिसळलेल्या ओळी रुंदीवरून सापडतात. फोटो पुस्तकाच्या कडेपर्यंत कापलेला आणि ४००० पिक्सेल रुंद असेल, तर एका पानाची ओळ साधारण निम्म्याच्या आत मावते. जास्त भरली ती घळ ओलांडून आली.

```
tesseract jod.png out -l mar --psm 3 tsv
awk -F'\t' '$1==4 && $9>2000' out.tsv
```

दुसरी आज्ञा अशा ओळी तेवढ्या दाखवते. मजकुराऐवजी त्यांची जागा आणि मापं दिसतात, त्यावरून फोटोतली ओळ शोधायची. वंशावळ किंवा जमाखर्चाचा तक्ता दोन्ही पानांवर पसरून छापलेला असेल, तर तोही या यादीत येतो. तिथे ओळ खरोखरच घळीपलीकडे जाते, आणि पान कापलं तर नाव एकीकडे राहून रक्कम दुसरीकडे जाते. अशी जोडपानं बाजूला काढून हातानेच टंकावी लागतात.