हापूस आंब्याची थेट घरपोच विक्री

हापूस आंब्याची थेट घरपोच विक्री म्हणजे कोकणातील बागायतदाराने बाजार समितीतील दलालाच्या मार्फत न जाता, ऑनलाइन मागणी नोंदवून घेऊन आपल्या बागेतील आंबा मुंबई, पुणे इत्यादी शहरांतील कुटुंबांच्या दारापर्यंत पोहोचविण्याची पद्धत होय. मागणी संकेतस्थळावर, व्हॉट्सॲपवर किंवा ऑनलाइन अर्जाद्वारे नोंदविली जाते. पैसे बहुधा आगाऊ घेतले जातात.

पार्श्वभूमी

कोकणातील आंबा परंपरेने लाकडी पेट्यांतून मुंबईच्या, आणि पुढे वाशीच्या, घाऊक बाजारात जात असे. पेटी चार डझनांची की सहा डझनांची यावरूनच फळाचा आकार ओळखला जाई. डझन जितके कमी, तितके फळ मोठे. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेरील नियमनातून मुक्त केला. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. 2020 च्या टाळेबंदीत, ऐन हंगामात, अनेक बागायतदारांनी शहरांतील गृहनिर्माण संस्थांना थेट पेट्या पाठविल्या.

घाऊक बाजारात फळ आतून खराब निघाले तरी ते कोणत्या बागेचे हे खाणाऱ्याला सहसा कळत नाही. थेट विक्रीत पेटीवर बागायतदाराचे नाव व दूरध्वनी क्रमांक असतो, त्यामुळे प्रत्येक खराब फळाची तक्रार त्याच्याकडेच परत येते. दलालीची बचत होते ती या जोखमीच्या बदल्यात, आणि प्रतवारी, वेष्टण व वेळ या तिन्ही बाबींचा विचार याच दृष्टीने करावा लागतो.

तोडणी आणि प्रतवारी

प्रतवारीची सुरुवात झाडावरच होते. फळ साधारण चौदा आणे, म्हणजे सुमारे 85 टक्के तयार झाल्यावर, झेल्याने देठासह उतरविले जाते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘नूतन झेला’ यासाठी वापरात आहे. देठ मुळातून तुटल्यास चीक फळावर ओघळतो आणि साल भाजल्यासारखी काळी पडते. असे फळ खाण्यास उत्तम असले तरी ग्राहक ते सडके समजतो.

हापूसचा सर्वांत अवघड दोष म्हणजे साका. यात गर पांढरट, स्पंजासारखा व आंबूस होतो. बाहेरून मात्र फळ निर्दोष दिसते. झाडावर जास्त पक्व झालेल्या आणि तोडणीनंतर उन्हात किंवा तापलेल्या जमिनीवर राहिलेल्या फळांत त्याचे प्रमाण वाढते. म्हणून तोडणी सकाळी करून फळे लगेच सावलीत नेतात. संशयित फळे वेगळी काढण्याची एक साधी चाचणी आहे. साध्या पाण्यात तरंगणारे फळ कोवळे असते. पाण्यात बुडणारे, पण 2.5 टक्के मिठाच्या पाण्यात तरंगणारे फळ योग्य पक्वतेचे असते. मिठाच्या पाण्यातही बुडणारे फळ अतिपक्व असून त्यात साका निघण्याची शक्यता अधिक असते. या चाचणीने साका पूर्णपणे टळत नाही, पण तक्रारी कमी होतात.

त्यानंतर वजनानुसार वर्ग पाडले जातात; सामान्यतः 200 ते 225, 225 ते 250, 250 ते 275 ग्रॅम आणि त्यापुढे. पिकताना पाण्याचा अंश कमी होऊन वजन घटते, हे येथे महत्त्वाचे ठरते. हिरवे असताना 250 ग्रॅम भरलेले फळ ग्राहकाच्या काट्यावर 225 ग्रॅमच भरू शकते. त्यामुळे जाहिरातीत दिलेले वजन तोडणीच्या वेळचे आहे, हे स्पष्ट लिहिणे किंवा मुळातच वरच्या वर्गातील फळ भरणे, असे दोनच मार्ग उरतात. दुसरा महाग असला तरी त्यात वाद होत नाही.

पिकविणे आणि वेष्टण

प्रतवारी झालेली फळे भाताच्या पेंढ्यावर एक-दोन थरांत पसरून अढी लावली जाते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास भारतात बंदी आहे. नियंत्रित खोलीत इथिलीन वायूने पिकविण्यास परवानगी आहे. इथिलीनने सर्व फळांना एकसारखा पिवळा रंग येतो. अढीतील फळांचा रंग कमी-अधिक राहतो आणि देठाजवळ हिरवट झाक असतानाही फळ पिकलेले असू शकते. ग्राहकाने रंगावर न जाता वासावरून व हलक्या दाबाने पारख करावी, अशी चिठ्ठी पेटीत घालण्याची पद्धत त्यामुळेच पडली.

घरगुती मागणीसाठी एक किंवा दोन डझनांची, हवेसाठी भोके असलेली पुठ्ठ्याची पेटी वापरतात. तळाशी पेंढा किंवा कागदाचे तुकडे घालून फळे एकमेकांवर घासणार नाहीत अशी बसवितात. पेंढा पूर्ण वाळलेला असावा लागतो. ओलसर पेंढ्यात करप्याचे काळे डाग व देठकूज वेगाने वाढते. पुठ्ठा दमट हवेत मऊ पडतो. टेम्पोत उंच थप्पी लावल्यास खालच्या पेट्या दबतात, आणि हा मार दोन दिवसांनी, फळ पिकल्यावर, काळ्या डागाच्या रूपाने दिसतो.

पोहोचविण्याची वेळ

वेळेचे गणित उलट बाजूने, म्हणजे फळ खाण्याच्या दिवसापासून मांडले जाते. उदाहरणार्थ, रत्नागिरीजवळच्या एका बागायतदाराकडे पुण्यासाठी 40 पेट्यांची, म्हणजे 480 फळांची, मागणी आहे असे समजू. लहान, डागी व संशयित फळे वगळावी लागणार असल्याने तो सुमारे 600 फळे उतरवितो. मागणी रविवारी रात्री बंद होते आणि सोमवारी सकाळी तोडणी होते. एप्रिलअखेरच्या उकाड्यात अढीतील फळांना शुक्रवार-शनिवारपर्यंत रंग फुटू लागतो. या अर्धपिक्या अवस्थेत फळ टणक असते व प्रवास सोसते. शनिवारी सायंकाळी पेट्या भरून टेम्पो रात्री घाट चढतो, कारण दिवसा बंद टेम्पोतील उष्णतेने फळे एकदम पिकतात. रविवारी सकाळी, कुटुंबे घरी असताना, वाटप होते आणि बुधवारच्या सुमारास फळ खाण्याजोगे होते. वगळलेल्या फळांपैकी चांगली फळे स्थानिक बाजारात किंवा कॅनिंगला जातात. तो दर अर्थातच बराच कमी असतो.

रविवारी दार बंद आढळले तर पेटी दुसऱ्या दिवसापर्यंत रखवालदाराच्या खोलीत राहते आणि एका दिवसाचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून अनेक विक्रेते पिनकोडनुसार ठरावीक वारच देतात व एका सोसायटीतील मागण्या एकत्र करतात. ग्राहकाने हिरवट फळे थेट शीतकपाटात ठेवणे हीदेखील नेहमीची अडचण आहे. सुमारे 12 ते 13 अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात कच्चे फळ नीट पिकत नाही, साल करडी पडते आणि चव बेचव होते. फळ पूर्ण पिकल्यावर ते काही दिवस थंड ठेवता येते.

तक्रारी आणि हंगामाचा शेवट

साका निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र मागवून पुढील पेटीत तितकी फळे जास्त देणे किंवा पैसे परत करणे, अशी रीत दिसते. नेहमीच्या ग्राहकांत फळे भरून देणे सोपे जाते. एकदाच मागविणाऱ्याला पैसेच परत करावे लागतात. अक्षय्य तृतीयेला मागणी एकाएकी वाढते, पण त्या तारखेसाठी कोवळी फळे उतरविल्यास ती पिकण्याऐवजी सुरकुततात. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस पडल्यावर डाग व देठकूज इतकी वाढते, की बरेच बागायतदार तेथेच घरपोच मागणी थांबवून उरलेला माल कॅनिंगला देतात.