जामसांवलीत एक दिवस, बारा भेटी

मंडळाच्या बोली-नोंदींच्या कामासाठी आम्ही यंदा जामसांवलीला दोनदा गेलो. जामसांवली म्हणजे सौंसर तालुक्यातलं, झोपलेल्या हनुमानाच्या मंदिरामुळे लांबलांबपर्यंत माहीत असलेलं गाव. आधी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. राज्य मध्य प्रदेश, बाजारात हिंदी, घरात मराठी. ती घरातली मराठी आम्हाला ऐकायची होती. एका वेळी एकच माणूस, एक खोली, एक रेकॉर्डर. गटात बसवलं की मोठ्या आवाजाचा एकच जण बोलतो, म्हणून भेटी एकेकट्याच घ्यायच्या हे आधीच ठरलं होतं.

वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा ते सपशेल फसलं. कसं फसलं आणि दुसऱ्यांदा काय बदललं ते लिहितेय, कारण पुढच्या वर्षी हे काम तुमच्यापैकी कुणाच्या तरी गळ्यात पडणारच आहे.

पहिला दिवस होता शनिवार, १८ जानेवारी. चौदा माणसं, प्रत्येकाला वीस मिनिटं. नऊला सुरुवात केली की चौदावा माणूस एक वाजून वीस मिनिटांनी आत येणार आणि पावणेदोनच्या आत आपण मोकळे. कागदावर छान दिसत होतं.

झालं असं की बोलणं खरंच वीस मिनिटांतच संपत होतं. पण एक माणूस उठून दुसरा बोलायला लागेपर्यंत सात मिनिटं जात होती. चपला काढणं, नमस्कार, पाणी, हे रेकॉर्डिंग कशासाठी ते समजावणं, संमतीचा कागद वाचून दाखवणं, माइक लावणं, मागचा पंखा बंद करणं. म्हणजे एक भेट वीस मिनिटांची नव्हतीच, सत्तावीस मिनिटांची होती. सात मिनिटं ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण ती प्रत्येक माणसामागे साठत जातात. आठव्या माणसापर्यंत ४९ मिनिटं उशीर झाला. चौदाव्याची वेळ १:२० होती, ती २:५१ ला आली. दीड तासाचा उशीर!

त्या चौदाव्या म्हणजे शेतमजुरी करणाऱ्या एक काकू. दुपारच्या कामावर जाता येईल म्हणून त्यांनी आम्हाला होकार दिला होता. तीन वाजता कोण कामावर घेणार? त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, अर्धा रोज बुडला न माह्या." आम्ही चहा दिला, माफी मागितली. त्या पाच मिनिटं बोलल्या आणि निघून गेल्या. जात्यावरच्या ओव्या येतात म्हणून ज्यांच्याकडे मुद्दाम गेलो होतो, त्यांचं आमच्याकडे पाच मिनिटांचं बोलणं उरलं, त्यात ओवी एकही नाही.

घरी येऊन मी हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लागोपाठ भेटी ठेवल्या की कुणाला ना कुणाला थांबावं लागतंच. खोलीत बसलेल्याने थांबायचं की बाहेर बसलेल्याने, हे वेळापत्रक ठरवतं. आपण ते ठरवलं नाही तर थांबायची वेळ आपोआप शेवटच्या माणसावर येते.

यावर जुना अभ्यास आहे. १९५२ साली नॉर्मन बेली या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगांचं गणित मांडलं. त्याची सूचना अशी की सुरुवातीला दोन रुग्णांना एकाच वेळी बोलवा आणि बाकीच्यांना तपासणीच्या सरासरी वेळेइतक्या अंतराने. एखादा आला नाही किंवा लवकर आटोपला, तरी दुसरा हजर असतो, त्यामुळे डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि बाहेरच्यांनाही फार ताटकळावं लागत नाही. यूपीएससीच्या मुलाखतींच्या यादीतही रोल नंबर, तारीख आणि सकाळचं की दुपारचं सत्र एवढंच असतं. प्रत्येकाचं मिनिट नसतं. तिथे उमेदवार थांबतो, बोर्ड थांबत नाही.

आमच्याकडे हे उलटं होतं. महाग वेळ आमचा नव्हता, काकूंचा होता. आम्ही सुट्टीच्या दिवशी खोलीत अर्धा तास रिकामे बसलो तर काय बिघडणार होतं? म्हणून दुसऱ्यांदा रिकामा वेळ आम्ही आमच्या वाट्याला घेतला.

दुसरा दिवस बुधवार, ५ फेब्रुवारी. शनिवार सोडला, कारण मंगळवारी आणि शनिवारी मंदिरात गर्दी असते आणि नारळ-प्रसादाचे दुकानदार जागचे हलू शकत नाहीत. (हे आधीच सुचायला हवं होतं, मान्य.) पहिल्या दिवसाच्या फाइलींवरून प्रत्येक भेटीच्या सुरुवातीपासून पुढच्या भेटीच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ मोजला होता. त्या सत्तावीसमध्ये तीन मिनिटं मिळवून तीस केली. चौदाच्या जागी बारा माणसं घेतली. आणि दर तीन भेटींनंतर एक जागा रिकामी सोडली:

सकाळी ८:००, ८:३०, ९:०० (९:३० रिकामी)
१०:००, १०:३०, ११:०० (११:३० रिकामी)
दुपारी २:००, २:३०, ३:०० (३:३० रिकामी)
४:००, ४:३०, ५:०० (५:३० रिकामी)

रिकामी जागा कशाला, प्रत्येक भेटच पस्तीस-चाळीस मिनिटांची का नाही करायची? तेही करून पाहिलं कागदावर. पण भेट लवकर संपली तर ती वाचलेली मिनिटं वाया जातात, कारण पुढचा माणूस अजून आलेलाच नसतो. उशीर मात्र पुढे सरकतो. तीस मिनिटं एकत्र ठेवली की त्या तिघांपैकी कुणाचाही उशीर तिथे मावतो आणि पुढच्या गटाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता कुणाला कोणती वेळ? पहिल्यांदा मी "ज्याने आधी होकार दिला त्याने आधी निवडावं" असं केलं होतं. ते न्यायाचं वाटतं, पण नाही. पटकन होकार देणारे बहुतेक निवांत असतात. या खेपेला मी बाराही जणांना एकच प्रश्न विचारला: "कोणत्या वेळी अजिबात जमणार नाही?" उत्तरं आली. तिघे दुकानदार फक्त दहाच्या आत. चौघे मजूर फक्त चारनंतर. तिघांना दहानंतर चारपर्यंत कधीही. निवृत्त गुरुजी आणि घरीच असणाऱ्या एक आजी, दोघेही दिवसभर मोकळे.

नियम सोपा आहे. ज्याच्याकडे पर्याय कमी, त्याची वेळ आधी. गुरुजींना आधी ४:०० दिले असते तर कोणता तरी मजूर बाहेर राहिला असता.

पण इथेही गाडी अडली. चारनंतर जागा तीन आणि माणसं चार. मी तासभर नावं खालीवर करत बसले. मग गणितवाल्या मैत्रिणीने सांगितलं की हे कितीही हलवलं तरी बसणारच नाही. १९३५ मधलं फिलिप हॉलचं प्रमेय आहे: काही माणसांना मिळून जितक्या जागा चालतात, त्या जर त्या माणसांपेक्षा कमी असतील तर कोणतीच मांडणी शक्य नाही; आणि असा एकही गट नसेल तर मांडणी नक्की निघते. म्हणजे कोडं सोडवत बसायचं नाही, सरळ फोन करायचा. चौघांना पुन्हा विचारलं. एक मामा संत्र्याच्या शेडवर कामाला होते, त्यांना दोन वाजता सुट्टी असते असं निघालं. त्यांना २:०० दिले आणि सगळं बसलं. ओव्यांच्या काकूंना ४:००, काम आटोपून येतानाच. गुरुजींना मुद्दाम ३:०० ठेवले आणि विचारून घेतलं की मध्ये कुणी आलं नाही तर बोलावू का. त्यांचं घर दोन दारं सोडून होतं. कुणी गैरहजर राहिलं तर फक्त गुरुजींना हलवायचं, बाकी कुणाची वेळ पुढेमागे करायची नाही, हेही ठरलं.

राहिलं वेळ कळवणं. हे मी सगळ्यात सोपं समजत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण यादी टाकली की झालं! पण लांब यादीत आपलं नाव शोधताना लोक वरची किंवा खालची ओळ वाचतात, आणि कितीतरी घरांत फोन मुलाकडे असतो. म्हणून प्रत्येकाला त्याचा एकट्याचा निरोप:

"नमस्कार मामा. बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी २ वाजता तुमची वेळ आहे. दहा मिनिटं आधी या. बोलणं अर्ध्या तासात संपेल, अडीचला तुम्ही मोकळे. जमणार नसेल तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत याच नंबरवर सांगा."

यात वार आणि तारीख दोन्ही आहेत. "परवा" लिहायचं नाही. आणि मोकळं होण्याची वेळही आहे, कारण कामावर जाणाऱ्याला तीच आधी हवी असते.

निरोपानंतर प्रत्येकाला फोन केला आणि वेळ त्यांच्याकडून म्हणवून घेतली. यानेच मला वाचवलं. माझं शिक्षण इंग्रजीतून, घड्याळ डोक्यात इंग्रजीत चालतं. आजींना मी घाईत "साडेदोन" म्हटलं. असा शब्द मराठीत नाही, अडीच म्हणतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? मग विचारलं, "आजी, किती वाजता येणार तुम्ही?" आजी म्हणाल्या, "साडेतीनले." त्यांनी त्यांना माहीत असलेला जवळचा शब्द ऐकला होता. साडेतीन म्हणजे नेमकी आमची रिकामी जागा!

प्रत्यक्ष दिवशी आमच्यापैकी एक जण दारात घड्याळ घेऊन बसला. वीस मिनिटं झाली की तो दार किंचित उघडायचा, बोलायचा नाही. १०:३० ला आलेल्या काकांनी तरी ४१ मिनिटं घेतली, कारण ते पोळ्याबद्दल इतकं सुंदर सांगत होते की कुणी थांबवेना. पुढची भेट ११ ऐवजी ११:११ ला सुरू झाली, ११:३८ ला संपली. बारापर्यंत वेळ होताच. दोन वाजताच्या मामांना यातलं काही कळलंसुद्धा नाही.

चारला काकू आल्या. चार वाजून दोन मिनिटांनी माइक सुरू झाला. ओव्या सांगता सांगता मध्येच थांबून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "अजून टाइम हाय न माह्या?" दहा मिनिटं बाकी होती.