बीमखालच्या दोन आकृत्या

ओळखीच्या एका कुटुंबाचं घर बांधत होते. हॉलच्या वर 6 मीटरचा बीम, त्याची दोन्ही टोकं जाड भिंतींवर टेकलेली. बीमच्या पूर्ण लांबीवर स्लॅबचा आणि वरच्या भिंतीचा भार होता. शिवाय डाव्या टोकापासून 2 मीटरवर जिन्याकडून आलेला एक छोटा बीम त्यावर टेकला होता. मिस्त्रींनी त्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "सगळा जोर इथं. इथंच लोखंड वाढवू." घरमालकांचं म्हणणं होतं की बीम नेहमी मधोमधच वाकतो. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं, पण नेमकी जागा दोघांनीही सांगितली नव्हती. ती जागा इंजिनिअरच्या हिशेबाच्या कागदावर, बीमच्या चित्राखाली काढलेल्या दोन आकृत्यांत दिसते. वरची आकृती शिअर फोर्सची आणि खालची बेंडिंग मोमेंटची.

आकृत्यांआधी भार पाहू. बीमचं स्वतःचं वजन, स्लॅब आणि भिंत मिळून दर मीटरला 10 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने मीटरमागे एक टन. असा सारखा पसरलेला भार म्हणजे यूडीएल. छोटा बीम एकाच जागी 12 किलोन्यूटन टाकतो, तो पॉइंट लोड. एकूण 72 किलोन्यूटन. पसरलेल्या भाराचे 60 दोन्ही भिंतींवर निम्मे निम्मे जातात. पॉइंट लोड डाव्या भिंतीला जवळ आहे, म्हणून त्यातले 8 डावीकडे आणि 4 उजवीकडे. म्हणजे डावी भिंत बीमला 38 ने वर उचलून धरते आणि उजवी 34 ने. बेरीज 72, हिशेब जुळला. इथं चूक झाली तर पुढच्या दोन्ही आकृत्या चुकतात, म्हणून ही बेरीज मी आधी तपासतो.

आता मनातल्या मनात बीम एखाद्या ठिकाणी उभा कापा. कापाच्या डावीकडच्या तुकड्यावर वरच्या दिशेचं बल आणि खालच्या दिशेचा भार यांत जो फरक उरतो, तेवढ्या बलाने एक तुकडा दुसऱ्याला घासून सरकू पाहतो. हाच शिअर फोर्स. डाव्या भिंतीला लागून कापलं तर रेघ एकदम 38 वर चढलेली दिसते. तिथून उजवीकडे जाताना दर मीटरला 10 भार वाढतो, म्हणून रेघ एकसारखी तिरकी उतरते आणि 2 मीटरवर 18 ला येते. त्या जागी छोटा बीम टेकला आहे. रेघ तिथं सरळ उभी खाली कोसळते, बरोबर 12 ने, आणि 6 वर थांबते. म्हणजे उभी उडी दिसली की तिथं पॉइंट लोड आहे आणि उडीची उंची हाच त्याचा आकडा. पुढे रेघ पुन्हा त्याच उतारावर चालते, शून्य ओलांडते आणि उजव्या टोकाला उणे 34 ला पोचते. उजवी भिंत 34 ने वर ढकलते आणि रेघ शून्यावर मिटते. ती मिटली नाही, तर कुठला तरी भार धरायचा राहिला किंवा दोनदा धरला.

ही रेघ शून्याला कुठे शिवते, ते सगळ्यात महत्त्वाचं. पॉइंट लोडनंतर 6 उरले होते आणि मीटरला 10 कमी होतात, म्हणजे आणखी 0.6 मीटरवर. डाव्या टोकापासून 2.6 मीटर. मिस्त्रींचं बोट 2 वर होतं, घरमालकांचं मधोमध म्हणजे 3 वर.

शून्याचा आणि वाकण्याचा संबंध खालच्या आकृतीत कळतो. बेंडिंग मोमेंट म्हणजे बीमला त्या जागी वाकवू पाहणारा जोर: बल गुणिले त्याचं अंतर. टेकलेल्या टोकाशी तो शून्य असतो. तिथून एखाद्या जागेपर्यंत वरच्या आकृतीत रेघेखाली जेवढं क्षेत्रफळ साठतं, तेवढा त्या जागचा मोमेंट. पहिल्या 2 मीटरमध्ये रेघ 38 वरून 18 वर आली, सरासरी 28, गुणिले 2, म्हणजे 56. पुढच्या 0.6 मीटरच्या लहान त्रिकोणाचे 1.8. एकूण 57.8 किलोन्यूटन-मीटर. शून्याच्या पलीकडे क्षेत्रफळ उणे होतं, म्हणून मोमेंट तिथून उतरू लागतो. शिखर तिथंच का, त्याचं कारण एवढंच. उजवीकडून पडताळा घ्या: 3.4 मीटरचा पाया आणि 34 उंची, त्या त्रिकोणाचे 57.8. दोन्ही बाजूंनी एकच आकडा आला की जीव भांड्यात पडतो.

या आकृतीच्या आकाराकडेही बघावं. पसरलेला भार आहे तिथं ती वक्र असते, सरळ रेघ कधीच नाही. पॉइंट लोडखाली मात्र तिला कोपरा येतो, कारण वरची रेघ तिथं एकदम पडली. विद्यार्थी 0, 56 आणि 57.8 हे बिंदू पट्टीने जोडतात, तेव्हा आकडे बरोबर असूनही मधली प्रत्येक जागा चुकते.

मिस्त्रींचं म्हणणं मात्र एका परिस्थितीत शंभर टक्के खरं ठरतं. तोच छोटा बीम 12 ऐवजी 60 किलोन्यूटन टाकत असता, तर डावी भिंत 70 ने उचलत होती. 2 मीटरवर रेघ 50 ला येते आणि 60 ने कोसळून उणे 10 ला जाते, म्हणजे शून्य उडीतच ओलांडलं जातं. मग सर्वांत मोठा मोमेंट, 120, नेमका त्या बीमखालीच. या मांडणीत सीमा 30 किलोन्यूटनची. त्याहून हलका पॉइंट लोड असेल तर शिखर मध्याकडे सरकतं, 30 ला किंवा त्याहून जड असेल तर त्याच्या खाली येऊन बसतं.

आपल्या बीममध्ये 2 मीटरवर 56, 2.6 वर 57.8 आणि मधोमध 57. फरक इतका थोडा की मुख्य सळया या साऱ्या भागात खालच्या बाजूला एकसारख्या ठेवायच्या. खालच्या बाजूला, कारण असा बीम वाकला की त्याचा तळ ताणला जातो आणि काँक्रीट ताण फारसा सोसत नाही. इथं कागद वाचताना एक काळजी घ्यावी. काही जण हा मोमेंट रेघेच्या वर काढतात, काही जण ताणाच्या बाजूला म्हणजे खाली. कागदावर पद्धत कोणती ते पाहिल्याशिवाय सळई वर की खाली ते ठरवू नये. आणि बीम भिंतीवर नुसता न टेकता कॉलमशी एकसंध ओतला असेल, तर टोकाशी मोमेंट शून्य राहत नाही. तिथं बीमची वरची बाजू ताणली जाते आणि वर सळया लागतात.

रिंगांची गोष्ट वरच्या आकृतीची. शिअर टोकांशी 38 आणि 34, मध्याजवळ जवळपास शून्य. म्हणून रिंगा भिंतींजवळ दाट, मध्ये विरळ. शिअरची भेग टोकाजवळ तिरकी धावते, वाकण्याची भेग मधल्या भागात तळापासून उभी वर चढते. भेगेचा कल पाहिला तरी कोणत्या आकृतीकडे आधी वळायचं ते कळतं. त्या दिवशी डाव्या टोकाच्या पहिल्या 2 मीटरमध्ये रिंगा जवळजवळ बांधल्या. तिथं रेघ 18 च्या खाली येतच नव्हती.