तफावत म्हणजे तोटा नव्हे

प्रमाण परिव्यय (स्टँडर्ड कॉस्ट) म्हणजे गतवर्षीची सरासरी नव्हे, तर योग्य रीतीने काम झाल्यास यावा असा आधीच ठरवलेला खर्च होय. किलोभर कणकेच्या पोळ्या किती व्हाव्यात हे गृहिणी जसे आधीच जाणते, तसाच हा अंदाज असतो. हिंगणघाटसारख्या कापूस-बाजारातील एखाद्या लहान जिनिंगचे कल्पित उदाहरण घेतल्यास, १०० क्विंटल रुईसाठी ३०० क्विंटल कापूस ७,००० रुपये दराने प्रमाण धरला, पण प्रत्यक्षात ३१० क्विंटल ६,९०० रुपयांनी लागला, तर खर्च ३९,००० रुपयांनी वाढलेला दिसतो.

या एका आकड्यावरून कामगारांना दोष देणे ही नेहमीची चूक आहे. किंमत-विचरण (दरातील तफावत) ३१,००० रुपयांनी अनुकूल, तर वापर-विचरण (जादा लागलेल्या १० क्विंटलांची प्रमाण दराने किंमत) ७०,००० रुपयांनी प्रतिकूल आहे. स्वस्त कापूस ओला असल्यास वाळताना वजन घटते, म्हणजे खरेदीतील बचतच जिनावर तुटीच्या रूपाने उमटते. मजुरीतही दर आणि तास असेच वेगळे मोजावेत, कारण ओल्या कापसाने अडलेल्या यंत्रापाशी गेलेले तास मजुरांच्या आळसाचे नसतात. सरकीचे उत्पन्न या हिशेबात धरलेले नाही.